कुंभार्ली घाटात भरलेला ट्रक तापतो: दोन पाईपांमधला फरक मोजून दोष कसा शोधला

सपाट रस्त्यावर ट्रक दिवसभर चालतो आणि काटा जागचा हलत नाही. घाट लागला की चौथ्या-पाचव्या वळणापासून काटा चढायला लागतो आणि माथ्याच्या अलीकडे पाणी उकळतं. उभं केलं की वीस मिनिटांत निवतं, पुढच्या चढाला पुन्हा तेच. ही तक्रार घेऊन कराडात माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या येतात. बहुतेकांनी आधी थर्मोस्टॅट, वॉटर पंप, कूलंट, रेडिएटरचं झाकण असं एकेक बदलून पाहिलेलं असतं. पैसा जातो, दोष तिथेच राहतो. त्यामुळे गेल्या मोसमातली एक गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. या गाडीत तीन दोष एकमेकांच्या आड लपलेले होते, आणि ते वेगळे करायला लागलेलं मुख्य हत्यार म्हणजे दोन तापमापकं.

दहा चाकी, सहा सिलिंडर, १८० एचपीची बीएस-३ गाडी, रेडिएटर जुन्या पद्धतीचा तांब्या-पितळेचा. मालक स्वतःच चालवतो. कराडकडच्या साखर कारखान्यांतून साखर घेऊन चिपळूणकडे उतरायचं आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून ड्रम भरून वर यायचं, हा त्याचा ठरलेला फेरा. भरल्यावर गाडी २८ टनांच्या आसपास जाते. तो म्हणाला, "मिस्त्री, दोन मिस्त्र्यांनी बघितली. थर्मोस्टॅट नवा, पंप नवा. तरी पायथ्याची पोफळी सोडली की जीव टांगणीला. आता मी रात्रीच घाट चढतो, दिवसा चढवतच नाही."

रात्री चढते आणि दिवसा उकळते, हे त्याने सहज सांगितलं. पण याच वाक्यातून मला दिशा मिळाली.

घाटात नेमकं काय होतं

१८० एचपी म्हणजे जवळपास १३४ किलोवॅट. पूर्ण ताकदीवर असताना अशा इंजिनातून साधारण ८० किलोवॅट उष्णता कूलंटमध्ये उतरते असं धरून मी चालतो. ही सगळी उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची असते. सपाटीवर पन्नास-साठच्या वेगात निम्मी ताकदही लागत नाही, आणि समोरून वारा फुकट मिळतो. पंखा बंद असला तरी चालतं. ६-७ टक्के चढावर मात्र २८ टनांची ही गाडी ताशी १८-२० किलोमीटरला येते. तिथे वारा नसतोच. उलट इंजिन वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण दाबात असतं. म्हणजे घाटात रेडिएटरमधून जाणारी जवळपास सगळी हवा पंख्याची असते. म्हणून पंख्याचा दोष सपाटीवर कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. या आकाराच्या इंजिनाचा पंप कामाच्या वेगावर मिनिटाला २०० लिटरच्या आसपास कूलंट फिरवतो. ८० किलोवॅट उष्णता २०० लिटर प्रवाहात पसरली की रेडिएटरच्या वरच्या पाईपापासून खालच्या पाईपापर्यंत कूलंट सुमारे ७ अंशांनी थंड होतं. प्रवाह निम्मा झाला तर तीच उष्णता निम्म्या पाण्याला वाहावी लागते, आणि फरक १४ अंशांवर जातो.

यावरून निघणारा नियम असा. पूर्ण दाबावर, काटा एका जागी ठरल्यावर, दोन पाईपांमधला फरक फक्त प्रवाह सांगतो. हवा कमी पडत असेल तर फरक वाढत नाही. दोन्ही पाईप मिळून वर सरकतात. काटा अजून चढत असेल तर रेडिएटर इंजिनाइतकी उष्णता टाकू शकत नाही, आणि फरक नेहमीपेक्षा थोडा कमीच दिसतो. थोडक्यात, फरक मोठा असेल तर पाण्याच्या बाजूला जा. फरक ठीक आणि दोन्ही पाईप फार गरम असतील तर हवेच्या बाजूला जा. दोन्ही बिघाड एकत्र असतील तर दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

मोजायचं कसं

हाताने पाईप धरून अंदाज घेऊ नका. ९० अंशांनंतर हाताला सगळं सारखंच लागतं, आणि भाजतं. लेझर बंदुकीने गाडी थांबवून मोजण्यातही अर्थ नाही, कारण थांबल्याबरोबर इंजिनावरचा भार संपतो आणि दोन मिनिटांत आकडे बदलतात. शिवाय चकचकीत धातूवर ती बंदूक चुकीचं, बहुतेक वेळा कमीच दाखवते.

मी दोन तारांचा थर्मोकपल मीटर वापरतो. एक तार रेडिएटरच्या वरच्या धातूच्या मुखावर, दुसरी खालच्या मुखावर बांधायची. रबरी होजवर बांधू नका, रबर उशिरा तापतं. तारेच्या टोकावर फोमचा तुकडा ठेवून वरून टेप गुंडाळायचा, म्हणजे पंख्याची हवा त्या टोकाला थंड करत नाही. तारा पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर, घट्ट बांधून केबिनमध्ये घ्यायच्या. मीटर शेजारी बसणाऱ्याच्या हातात असावा, चालवणाऱ्याच्या नव्हे. गाडीच्या काट्यावर मी भरवसा ठेवत नाही. सेन्सरची अर्थिंग गंजलेली असेल तर काटा दहा-दहा अंश खोटं बोलतो.

पहिली फेरी

मार्चमध्ये रात्री, बाहेर २४ अंश असताना, भरलेल्या गाडीतून मालकाबरोबर गेलो. पोफळीला वरचा पाईप ८५, खालचा ७८. अर्ध्या चढावर ९४ आणि ८१. वरच्या वळणांवर १०२ आणि ८९, आणि अजून चढतच होता. पुढे रुंद जागा मिळाल्यावर थांबवली आणि मागच्या चाकाला दगड लावला.

थांबवताना एक काळजी घेतली, ती सगळ्यांनीच घ्यावी. इंजिन लगेच बंद केलं नाही. १२०० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं चालू ठेवलं, कारण बंद केलं की पंप आणि पंखा थांबतात आणि ब्लॉकमधली साठलेली उष्णता तिथल्या तिथे पाण्याला उकळवते. कूलंट सांडून टाकी रिकामी झाली असेल तर मात्र इंजिन बंदच करावं लागतं. झाकणाला हात लावायचा नाही. ०.७ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही ११५ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि १०५ अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मी असे भाजलेले हात पाहिले आहेत.

आकडे पाहा. फरक १३ अंश, म्हणजे प्रवाह जवळपास निम्मा. आणि वरचा पाईप १०२ च्याही वर सरकतोय, म्हणजे आलेली उष्णता हवेत जात नाही. दोन्ही बाजूंना दोष आहे, हे तिथेच स्पष्ट झालं. मालकाने विचारलं, "मग नवा पंप वाया गेला का?" मी म्हटलं, आधी हवेची बाजू तपासू, ती उघडायला सोपी आहे.

फॅन क्लच

या गाडीला व्हिस्कस क्लच आहे. आत घट्ट सिलिकॉन तेल असतं आणि पुढे दोन धातूंची गुंडाळी. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती गुंडाळी वळते, आतली झडप उघडते, तेल चकतीच्या खाचांमध्ये येतं आणि पंखा पुलीबरोबर फिरायला लागतो. हवा निवली की तेल परत जातं आणि पंखा सैल पडतो. तेल गळलं तर पंखा पुलीला पकडतच नाही.

तपासणी गॅरेजच्या अंगणात केली. इंजिन पूर्ण थंड असताना पंखा हाताने फिरवला तर अगदी मोकळा, एका टिचकीत दोन फेरे मारत होता. सकाळी थंड असताना थोडी ओढ लागायला हवी. क्लचच्या आवरणावर काळं तेलकट चिकट थर होता, म्हणजे तेल बाहेर आलेलं. एवढ्यावर क्लच बदलता आला असता, पण खात्री करून घेतली. इंजिन बंद असताना पात्यावर चमकता टेप चिकटवला, जाळीसमोर पुठ्ठा लावून हवा अडवली, इंजिन ९५ अंशांपर्यंत तापवलं आणि १५०० फेऱ्यांवर दुरून, बाजूने टॅकोमीटर धरला. पंखा ६५० फेरे. पकडलेला चांगला क्लच पुलीच्या वेगाच्या जवळपास नव्वद टक्के फिरतो. या गाडीची पुली इंजिनाइतकीच फिरते, म्हणजे १३५० च्या आसपास दिसायला हवे होते.

मीटर नसेल तर कानाने ओळखता येतं. चांगला क्लच पकडला की पंख्याचा घोंगावणारा मोठा आवाज येतो, चालकाला केबिनमध्ये बसून ऐकू येतो. घाटात काटा नव्वदीच्या पुढे गेला आणि तो घोंगावा आलाच नाही, तर क्लचवर संशय घ्या. या मालकाला विचारलं तर म्हणाला, "खरंय की. आधी मोठा आवाज करायचा. दोन वर्षं झाली, गप्प झालाय. मला वाटलं, बरं झालं, डिझेल वाचतंय."

रस्त्यात काय करायचं, तर काही क्लचना पुढून दोन बोल्ट किंवा पट्टी लावून पंखा कायमचा जोडायची सोय असते. ती असेल तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून लावा आणि घर गाठा. तसं महिनोन्महिने चालवू नका, बेअरिंगवर ताण येतो आणि डिझेलही जातं.

मधली घाण

नवा क्लच बसवायला जुना काढलेलाच होता म्हणून इंटरकूलरही सोडला. इथे बहुतेक जण चुकतात. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असतो. पुढून जाळी पाहिली तर ती स्वच्छ दिसते, कारण दिसतो तो इंटरकूलर. घाण साचते ती दोघांच्या मधल्या फटीत, आणि ती पुढूनही दिसत नाही, मागूनही.

चार बोल्ट सोडून इंटरकूलर पुढे झुकवला तर रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागावर बोटभर जाडीचा थर, नमदा असावा तसा. कारखान्याच्या आवारातला बगॅसचा भुगा, पाचटाची तुसं, धूळ, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा इंजिनाच्या ब्रीदरमधून आलेला तेलाचा धूर. मालक बराच वेळ पाहत राहिला. "पुढनं तर निवळ दिसत होतं की ओ."

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासतो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वाकलेली जाळी घाणेरड्या जाळीइतकीच हवा अडवते. आम्ही आधी कोरडा थर हाताने सोलला, मग साबणाचं पाणी घालून अर्धा तास भिजवलं आणि साध्या नळीने धुतलं. स्वच्छ पाणी आरपार पडेपर्यंत तीन वेळा केलं. पंख्याभोवतीच्या श्राउडची खालची पट्टी तुटलेली होती, तीही बसवली. ती नसली की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो.

दुसरी फेरी

पुन्हा रात्री, पुन्हा २४ अंश, तेवढाच माल. मधल्या वळणावर पंखा घोंगावला. वरचा पाईप ९६ वर जाऊन थांबला, पुढे सरकला नाही. खालचा ८३. मालक खूश झाला आणि म्हणाला, झालं काम. काम झालेलं नव्हतं. फरक अजूनही १३ च होता.

९६ वर समाधान का मानू नये, ते सांगतो. उष्णता तेवढीच असेल तर कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतं. रात्री २४ ला ९६ असेल, तर एप्रिलच्या दुपारी ३८ ला तेच ११० होतं. रात्री चढणारी गाडी दिवसा उकळते, ती यामुळे. म्हणून चाचणी थंड हवेत केली असेल तर आलेल्या आकड्यात बाहेरच्या हवेतला फरक मिळवा, मगच निर्णय घ्या.

प्रवाह कुठे अडला

आता शंका थर्मोस्टॅट, पंप, खालचा होज आणि रेडिएटरच्या नळ्या यांवर. थर्मोस्टॅट काढून भांड्यात पाण्यात टांगला, शेजारी तापमापक. ८३ ला उघडायला लागला, ९५ ला पूर्ण उघडला. तो ठीक होता. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवायचा सल्ला बरेच जण देतात, तो पाळू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर पाणी जवळच्या वाटेने रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी जास्तच तापते.

पंपाचा बेल्ट घट्ट होता. मग गरम इंजिनावर, थर्मोस्टॅट उघडलेला असताना, पोराला २००० फेऱ्यांपर्यंत दाबायला सांगितलं आणि खालच्या होजकडे पाहत राहिलो. होज मधोमध आत ओढला गेला. आतली स्प्रिंग तपासली, शाबूत होती, पण वरच्या टोकाला सरकलेली. होज आत ओढला जातो म्हणजे पंप नीट ओढतोय, पण त्याच्या आधी वाट अडलेली आहे. आणि आधी आहे रेडिएटर. पंप नवा बसवूनही फरक पडला नव्हता, तो यामुळे.

इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर मागून तळहात जवळ फिरवला. उजवीकडची रुंद पट्टी वरपासून खालपर्यंत गारच होती. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे नेला, वरची टाकी उघडली. जवळपास एक तृतीयांश नळ्यांची तोंडं पांढऱ्या-तपकिरी खरपुडीने बंद, काही ठिकाणी चंदेरी चिकट गोळा. पांढरं म्हणजे बोअरच्या पाण्यातला चुना, तपकिरी गंज, आणि चंदेरी म्हणजे गळती बंद करायला टाकतात ती पावडर. मालकाने सांगितलं, एकदा टाकी पाझरत होती म्हणून कुणीतरी दोन पुड्या टाकल्या होत्या. ती पावडर गळती बंद करते, तशीच नळीही बंद करते. आणि टॉप-अपला तो धाब्यावरचं बोअरचं पाणी घालायचा.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरला नळ्यांमधून पातळ पट्टी फिरवून साफ करता येतं, म्हणजे रॉडिंग. तसं केलं, दोन सडलेल्या नळ्या बंद केल्या, टाकी पुन्हा डाख देऊन बसवली. अल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या रेडिएटरला हे जमत नाही, तिथे जाळी बदलावीच लागते. इंजिनही स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुतलं आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करून भरलं. कूलंट जास्त, पाणी कमी असं भरल्याने थंडावा वाढत नाही. उलट घट्ट मिश्रण साध्या मिश्रणाइतकी उष्णता वाहून नेत नाही. भरताना वरचा हवा काढायचा स्क्रू सैल ठेवून हळूहळू भरा, नाहीतर अडकलेली हवा पुन्हा हेच लक्षण दाखवते.

तिसरी फेरी मुद्दाम दुपारी काढली. बाहेर ३७ अंश. माथ्यावर वरचा पाईप ९४, खालचा ८७. फरक ७. पंखा दोनदा घोंगावला आणि हेळवाकच्या उतारावर शांत झाला. मालकाने एकदाही गाडी उभी केली नाही. पूर्वी घाटात तो वरच्या गिअरमध्ये इंजिन कुथवत चढायचा. आता एक गिअर खाली ठेवून १८००-१९०० फेऱ्यांवर चढतो, कारण पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. कारखान्याचा हंगाम चालू असेपर्यंत दर महिन्याला इंटरकूलर झुकवून मधली फट पाहायची, असं त्याच्याशी ठरलं आहे.

आता ही पद्धत जिथे पुरत नाही ते. फरक ७-८, पंखा पूर्ण पकडलेला, मधली फट स्वच्छ, आणि तरी गाडी तापते किंवा पाणी कमी होत जातं, तर रेडिएटरचा नाद सोडा आणि हेड गॅस्केट तपासा. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज दाबून पाहा. पाणी तापायच्या आधीच, एक-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, किंवा झाकण काढून ठेवलेल्या थंड टाकीत फेऱ्या वाढवताच सतत बुडबुडे आले, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. अशा गाडीत नवा क्लच आणि नवा रेडिएटर दोन्ही बसवले तरी पुढच्या घाटात ती पाणी फेकणारच.